पंधरा बुलेट आणि पाचव्या मजल्यावरची किल्ली : सोसायटीच्या एका मेलचे प्रकरण

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या सोसायटीत दोन विंग आहेत, प्रत्येकी सात मजल्यांच्या, आणि दर मजल्यावर चार फ्लॅट. गेल्या फेब्रुवारीत गच्चीवरच्या टाकीतून घराघरांत पाणी आणणारे जुने लोखंडी पाईप बदलण्याचे काम झाले. त्याची सूचना सभासदांना मेलने पाठवण्यात आली आणि ती पाठवण्यापूर्वी सचिवांनी माझ्याकडे तपासायला दिली होती. मी ऐरोलीतील एका कंपनीत यंत्रांच्या वापराची माहितीपत्रके लिहिते, त्यामुळे सोसायटीचे लेखन अधूनमधून माझ्याकडे येते. या मेलवर मी केलेला पहिला संस्कार चुकीचा ठरला आणि त्या चुकीमुळे चार घरांना रात्री नऊपर्यंत पाण्यावाचून राहावे लागले. बुलेट कुठे घालावेत आणि परिच्छेद कुठे तसाच ठेवावा, याचा विचार मला त्यानंतर नव्याने करावा लागला. तो येथे मूळ मजकुरासह मांडते.

सचिव साठीच्या पुढचे आहेत आणि मेलसुद्धा फोनवरच, व्हॉट्सॲपवर लिहावे तसा, एका दमात लिहितात. त्यांनी पाठवलेला मजकूर असा होता :

> नमस्कार सगळ्यांना 🙏 पुढच्या मंगळवारी बुधवारी ए विंगला पाणी बंद सकाळी १० ते ६.. प्लंबर येणार पाईप बदलायला मीटिंगमध्ये ठरलं होतं ते. गंजलेत सगळे, सकाळी लाल पाणी येतं ना म्हणून. आधी १ नि २ नंबरवाले मग ३ ४. कोणी घरी नसेल तर किल्ली ऑफिसात द्या कारण एक जरी घर बंद राहिलं की लाईन अडते. गीझर बंद ठेवा. सिंकखालचं सामान आधीच काढा. हो आणि नळ बंद करून जा नाहीतर पाणी आलं की घरात तळं, मागे झालं होतं. ए आधी का तर तिकडे गळती जास्त बाकी काही नाही. फिल्टर पण बंद. पैसे वेगळे नाहीत दुरुस्ती निधीतून. शंका असल्यास फोन

या मजकुराकडे पाहिल्यावर कोणालाही प्रथम दिसते ती त्याची विस्कळीत अवस्था. तारखा नाहीत, वार आहेत. कामे एका ठिकाणी नाहीत. गीझर आणि फिल्टर यांच्यामध्ये नळ, तळे आणि गळती येऊन बसली आहे. विरामचिन्हे जेमतेम आहेत. मलाही तेवढेच दिसले, आणि अशा वेळी हात सवयीने ज्या उपायाकडे वळतो त्याच उपायाकडे माझाही वळला : प्रत्येक वाक्य सुटे करायचे, त्यापुढे ठिपका ठेवायचा आणि भाषा औपचारिक करायची. अर्ध्या तासात तयार झालेला मेल असा होता :

> विषय : ए विंग – पाणीपुरवठा बंद ठेवण्याबाबत
>
> • ए विंगमधील पाण्याचे पाईप बदलण्यात येणार आहेत.
> • दिनांक : ११ व १२ फेब्रुवारी
> • वेळ : सकाळी १० ते सायंकाळी ६
> • पहिला दिवस : १ व २ ने संपणारे फ्लॅट
> • दुसरा दिवस : ३ व ४ ने संपणारे फ्लॅट
> • पाईप गंजलेले आहेत.
> • सकाळी लाल पाणी येते.
> • ए विंगमध्ये गळती अधिक आहे.
> • सिंकखालील सामान काढणे.
> • गीझर बंद ठेवावा.
> • घरी नसल्यास किल्ली कार्यालयात द्या.
> • घर बंद राहिल्यास लाईनचे काम अडेल.
> • जाताना नळ बंद करावेत.
> • वॉटर फिल्टर बंद.
> • खर्च दुरुस्ती निधीतून.

सचिवांना हा मेल फार आवडला. "आता कसं ऑफिसमधून आल्यासारखं वाटतंय, ताई," असे ते म्हणाले. मेल त्याच संध्याकाळी गेला.

मंगळवारी सकाळी प्लंबर आले तेव्हा पाचव्या मजल्यावरचा ५०१ क्रमांकाचा फ्लॅट बंद होता. आमच्या इमारतीत उभा पाईप बाहेरच्या डक्टमधून जात नाही. तो प्रत्येक स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून, स्लॅब छेदून, वरच्या घरातून खालच्या घरात उतरतो. त्यामुळे ५०१ उघडल्याशिवाय तेथील तुकडा जोडता येईना आणि तो जोडल्याशिवाय त्याच्या खालच्या ४०१, ३०१, २०१ व १०१ या चार घरांपर्यंत पाणी पोहोचेना. वरच्या दोन घरांचे काम वेळेत झाले. खालच्या चार घरांना ५०१ मधले गृहस्थ फोर्टातील कचेरीतून परत येईपर्यंत थांबावे लागले. ते साडेसातला पोहोचले आणि पाणी नऊला आले.

त्या गृहस्थांनी मेल वाचला नव्हता असे नाही. त्यांनी तो लोकलमध्ये, फोनवर, शेवटपर्यंत वाचला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी सचिवांना जे सांगितले ते मी जसेच्या तसे टिपून ठेवले आहे : "किल्ली द्या असं लिहिलं होतं, ते मी वाचलं. पण मला वाटलं आमच्या घरचं काम हवं असेल तर द्यायची. आमचं काम मागाहून झालं तरी चालणार होतं." ही समजूत त्या मेलवरून अगदी वाजवी आहे. 'किल्ली कार्यालयात द्या' हा एक मुद्दा झाला आणि 'घर बंद राहिल्यास लाईनचे काम अडेल' हा दुसरा. पहिला वाचताना ती एक विनंती वाटते. दुसरा वाचताना ती एक माहिती वाटते. सचिवांच्या मूळ वाक्यात या दोहोंच्या मधे 'कारण' हा शब्द होता. तो मी काढून टाकला होता, कारण बुलेटच्या सुरुवातीला 'कारण' शोभत नाही.

या प्रकरणातून मला कळलेली मुख्य गोष्ट हीच आहे. सचिवांचा मेल दिसायला अस्ताव्यस्त होता, परंतु त्यातील तर्काची साखळी शाबूत होती; माझा मेल दिसायला नीटनेटका होता आणि त्यातील साखळी तुटलेली होती. बोलल्यासारखे लिहिणारा माणूस स्वल्पविराम विसरतो, क्रम विसरतो, आपण तारीख विसरतो आहोत हेही विसरतो. पण 'म्हणून', 'कारण', 'नाहीतर' हे शब्द सहसा विसरत नाही, कारण समोरच्याला काहीतरी पटवून देण्यासाठीच तो बोलत असतो. मजकूर सजवताना बुलेटच्या हौसेने आपण नेमके हेच शब्द गाळतो.

पुढच्या आठवड्यात बी विंगचे काम होते. त्या मेलसाठी मी सचिवांचा मूळ मजकूर कागदावर काढला आणि त्यातील जोडशब्दांभोवती गोल केले. पाच ठिकाणी गोल आले : लाल पाणी येते 'म्हणून', कोणी घरी नसेल 'तर', 'कारण' लाईन अडते, 'नाहीतर' तळे, आणि ए आधी 'का तर'. मग प्रत्येक गोलाच्या दोन्ही बाजूंची वाक्ये एकमेकांपासून तोडली तर वाचणाऱ्याचे काय नुकसान होईल, हे तपासले. किल्ली आणि लाईन यांच्याबाबतीत काय नुकसान झाले ते आपण पाहिलेच. 'ए आधी का तर' याचे नुकसान वेगळ्या प्रकारचे होते. मूळ मजकुरात ते एका शंकेचे उत्तर होते, कारण कमिटीतले बरेच सदस्य ए विंगमध्ये राहतात आणि बी विंगमध्ये त्यावरून कुजबुज होती. माझ्या यादीत 'ए विंगमध्ये गळती अधिक आहे' हे नुसते विधान होऊन आठव्या क्रमांकावर पडले. ते कशाचे उत्तर आहे हेच कोणाला कळले नाही, आणि 'आमची विंग मागे का?' असे विचारणारे फोन सचिवांना आलेच. 'नाहीतर' मात्र तोडले तरी फारसे बिघडत नव्हते. नळ बंद करावेत हे तळ्याच्या भीतीशिवायही समजते, आणि तेथे कारण न देता नुसती सूचना दिली तरी चालते.

ज्या वाक्यांभोवती एकही गोल आला नाही, ती उरली : सिंकखालचे सामान, गीझर, फिल्टर आणि सोडवून घेतलेला नळ. या चार वाक्यांची दुसरी परीक्षा मी क्रम उलटा करून घेतली. फिल्टर आधी, सामान शेवटी असे वाचले तरी अर्थात काडीचाही फरक पडत नाही, आणि एखादे काम काही घरांना लागू नसेल, म्हणजे एखाद्याकडे फिल्टरच नसेल, तर तेवढे वगळून बाकीची तशीच उभी राहतात. खरी यादी ती अशी असते. तिच्यातील प्रत्येक घटक स्वतःच्या पायावर उभा असतो आणि वाचणारा हातात फोन धरून, स्वयंपाकघरात फिरत, एकेक काम उरकून पुढे जाऊ शकतो. किल्लीच्या मजकुराचा क्रम मात्र उलटता येत नाही. 'खालच्या मजल्यांना पाणी मिळत नाही' हे आधी कळल्याशिवाय 'किल्ली द्यावी' याला वजन येत नाही. ज्या मजकुराचा क्रम बदलला की त्याचे वजन बदलते, तो परिच्छेदातच राहू द्यावा.

या तपासणीनंतर बी विंगला गेलेला मेल असा होता :

> विषय : बी विंग – १८ व १९ फेब्रुवारीला सकाळी १० ते सायंकाळी ६ पाणी बंद, घरी कोणी असणे किंवा किल्ली देणे आवश्यक
>
> बी विंगमधील सभासद बंधुभगिनींनो,
>
> ज्यांच्या फ्लॅट क्रमांकाच्या शेवटी १ किंवा २ आहे त्यांचे पाणी मंगळवार, १८ फेब्रुवारी रोजी आणि ज्यांच्या शेवटी ३ किंवा ४ आहे त्यांचे पाणी बुधवार, १९ फेब्रुवारी रोजी सकाळी १० ते सायंकाळी ६ बंद राहील. ए विंगच्या सभासदांनी या वेळी काहीही करावयाचे नाही.
>
> आपल्या इमारतीत पाण्याचा उभा पाईप प्रत्येक स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून खाली उतरतो. त्यामुळे एखादे घर बंद राहिले, तर त्या घराच्या खालच्या सर्व मजल्यांना ते उघडेपर्यंत पाणी मिळत नाही. ए विंगमध्ये याच कारणाने चार घरांना रात्री नऊपर्यंत थांबावे लागले. म्हणून आपल्या दिवशी घरी कोणी नसणार असेल, तर किल्ली आदल्या रात्री ८ पर्यंत सोसायटी कार्यालयात अवश्य द्यावी. प्लंबर घरात असेपर्यंत कमिटीचा एक सदस्य तेथे थांबेल.
>
> कृपया आपल्या दिवशी सकाळी १० पूर्वी पुढील चार कामे करून ठेवा.
>
> १. सिंकखालचे सामान काढून कोपरा मोकळा करा.
> २. घरातील सर्व नळ बंद करा.
> ३. गीझरचे बटण बंद करा.
> ४. वॉटर फिल्टरकडे जाणारा कॉक बंद करा.
>
> पाणी परत आल्यावर प्रथम न्हाणीघरातील नळ उघडून गढूळ पाणी वाहून जाऊ द्यावे, ते स्वच्छ दिसू लागल्यावरच फिल्टरचा कॉक उघडावा, आणि गरम पाण्याच्या नळाला नीट धार येऊ लागल्यावरच गीझर सुरू करावा.
>
> या कामाचा खर्च दुरुस्ती निधीतून होत आहे. वेगळी वर्गणी घेतली जाणार नाही.

पहिल्या मेलमध्ये पंधरा ठिपके होते, यात चार क्रमांक आहेत. लांबी पहिल्यापेक्षा जास्त आहे, आणि याबद्दल सचिवांनी शंका काढली : "एवढं कोण वाचणार, गं?" शंका रास्त होती, कारण बहुतेक सभासद मेल सकाळच्या लोकलमध्ये, उभ्याउभ्या वाचतात. त्यावर उपाय म्हणून तारीख, वेळ आणि किल्ली ही तिन्ही विषयाच्या ओळीतच घेतली. मेल न उघडणाऱ्यालाही फोनवर त्या ओळीचा आरंभ तरी दिसतो; फोन मोठी ओळ कापतो, म्हणून तारीख आधी आणि किल्ली नंतर. पूर्वीच्या मेलमध्ये किल्ली अकराव्या ओळीवर होती, म्हणजे पडदा सरकवल्यावर दिसणारी. आता ती दुसऱ्या परिच्छेदात आहे. बुलेट वापरल्याने मजकूर लवकर वाचून होतो हे खरे असले, तरी पंधरा बुलेट सारख्याच वजनाचे दिसतात आणि कोणता महत्त्वाचा हे ठरवण्याचे काम वाचणाऱ्यावर पडते. परिच्छेदात ते काम लिहिणारा स्वतः करतो.

येथे दोन-तीन निर्णय असे आहेत ज्यांवर मी बराच वेळ घालवला आणि ज्यांच्याबद्दल दुसरा कोणी वेगळे ठरवू शकेल.

पहिला निर्णय तारखांचा. दोन दिवस, दोन प्रकारचे फ्लॅट. हे यादीत सहज बसते आणि पहिल्या मेलमध्ये मी ते चार ओळींत तोडले होते. पण 'पहिला दिवस' कोणता हे कळण्यासाठी वाचणाऱ्याला दोन ओळी वर जावे लागत होते. ए विंगच्या मेलनंतर बी विंगमधल्या दोन घरांनीही पाणी भरून ठेवले, कारण विंगचे नाव पहिल्या ठिपक्यात आणि तारीख दुसऱ्या ठिपक्यात होती आणि त्यांनी तारीखच पाहिली. विंग, फ्लॅटचा शेवटचा अंक, वार, तारीख आणि वेळ हे एकाच बाबीचे अवयव आहेत. ते एका वाक्यात राहिले की चुकीची जोडणी होत नाही. दोनऐवजी सहा दिवस आणि सहा गट असते, तर मात्र मी वाक्यही केले नसते आणि बुलेटही. दोन स्तंभांचा छोटा तक्ता केला असता. याच कारणासाठी, खजिनदारांनी तीन ठेकेदारांची दरपत्रके मेलमध्ये मुद्द्यांच्या रूपात घालावीत असे सुचवले तेव्हा मी ती वेगळ्या तक्त्यात जोडून पाठवली. दर, पाईपचा प्रकार आणि हमीची मुदत यांची तुलना डोळ्याला आडवी करावी लागते. उभ्या यादीत ती होत नाही.

दुसरा निर्णय पाणी परत आल्यानंतरच्या कृतीचा. यात तीन पायऱ्या आहेत, क्रमही ठरलेला आहे, आणि क्रमवार कृती म्हणजे अंकांची यादी असा सर्वसाधारण संकेत आहे. तरीही मी ते एका लांब वाक्यात ठेवले. कारण येथे नुसता क्रम नाही; पुढची पायरी कधी घ्यायची याची अट आहे. 'स्वच्छ दिसू लागल्यावरच' आणि 'धार येऊ लागल्यावरच' यातील शेवटचा 'च' हाच त्या सूचनेचा गाभा आहे. नव्या पाईपातील पहिले गढूळ पाणी फिल्टरमध्ये गेले की त्याची कांडी तुंबते, आणि गीझरची टाकी भरण्यापूर्वी तो लावला की त्यातील तापणारी कॉइल जळू शकते. '१. नळ उघडा २. फिल्टर उघडा ३. गीझर लावा' असे लिहिले असते, तर लोकांनी तिन्ही गोष्टी योग्य क्रमाने पण लागोपाठ, एका मिनिटात केल्या असत्या. पायऱ्या पाच-सहा असत्या तर मी अंक दिले असते आणि प्रत्येक पायरीतच अट लिहिली असती. तीनसाठी वाक्य पुरेसे वाटले. हा निर्णय सीमेवरचा आहे हे मी मान्य करते.

तिसरा निर्णय वगळण्याचा होता. 'ए आधी का' हा खुलासा बी विंगच्या मेलमध्ये घेतला नाही, कारण आता बी विंगचेच काम होते. तो खुलासा सचिवांनी कुजबुज करणाऱ्या मंडळींना समक्ष दिला, आणि ते अधिक बरे झाले.

आता भाषेबद्दल, कारण मराठीत यादी लिहिताना एक अडचण येते जी माझ्या नोकरीतील लेखनात मी रोज पाहते. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते. त्यामुळे वाक्य अर्धे सोडून, पुढे विसर्गासारखे दोन टिंब देऊन, उरलेला भाग बुलेटमध्ये पूर्ण करणे ही रीत आपल्याकडे नीट चालत नाही. 'सभासदांनी कृपया :' असे लिहून खाली 'सिंकखालचे सामान', 'गीझर', 'फिल्टर' असे लिहिले, तर त्या वस्तूंचे काय करायचे हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि शेवटी एकच 'बंद ठेवावे' लिहिले तर ते सामानाला लागू पडत नाही. पहिल्या मेलमधला 'वॉटर फिल्टर बंद' हा मुद्दा याच दोषाचा आहे : फिल्टर बंद आहे, बंद पडणार आहे, की बंद करायचा आहे? म्हणून यादीच्या आधीचे वाक्य स्वतःत पूर्ण असावे आणि प्रत्येक मुद्द्यालाही स्वतःचे क्रियापद असावे.

त्या क्रियापदांचे रूपही एकसारखे हवे. माझ्या पहिल्या यादीत 'काढणे', 'ठेवावा', 'द्या', 'करावेत' अशी चार रूपे चार ओळींत आली होती. ती घाईत, मजकूर तुकड्यातुकड्याने बदलताना येतात. 'गीझर बंद ठेवावा', 'कॉक बंद करावा', 'भांडी भरून ठेवावीत' अशी विध्यर्थी रूपे शुद्धच आहेत, पण ती लिंगवचनाप्रमाणे प्रत्येक ओळीत बदलतात आणि यादीची लय मोडते. 'करा', 'काढा', 'ठेवा' हे रूप वस्तू कोणतीही असो, बदलत नाही. ते ज्येष्ठांना हुकमी वाटेल अशी सचिवांना धास्ती होती. म्हणून यादीच्या आधीच्या वाक्यात एकदाच 'कृपया' घातले. परिच्छेदांत मात्र 'द्यावी', 'उघडावा' हीच रूपे ठेवली, कारण तेथे वाक्ये लांब आहेत आणि तेथे ती आदराने वाहतात.

एक तांत्रिक बाबही येथेच सांगते, कारण बोलीवजा मेलांत ती नेहमी उद्भवते. सचिव मजकूर व्हॉट्सॲपमध्ये लिहून मेलमध्ये चिकटवतात. तेथे शब्द ठळक करण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंना चांदणीची खूण घालतात; मेलमध्ये तिने शब्द ठळक होत नाही. ती चांदणी म्हणूनच दिसते, आणि ओळीच्या आरंभी आली तर बुलेट समजली जाते. उलट दिशेनेही गडबड होते. मेलमधील आपोआप होणारी यादी वापरली, तर अंक इंग्रजी येतात, आणि कोणी तो मजकूर उचलून विंगच्या गटावर टाकला तर यादीची मांडणी टिकेलच याची खात्री नसते. म्हणून चारही क्रमांक मी हाताने, देवनागरीत लिहिले. ठिपक्यांऐवजी अंक घेण्याचे आणखी एक कारण असे, की सभासद फोनवर विचारताना 'तुमचा तिसरा मुद्दा' असे म्हणू शकतात. तिसरा ठिपका कोणी मोजत नाही.

बुलेटचा विषय निघाला आहे तर याच प्रकरणातील दुसऱ्या एका पत्राचा उल्लेख करणे आवश्यक आहे. त्या मंगळवारी रात्री ज्या चार घरांना पाणी मिळाले नाही, त्यांना सोसायटीतर्फे दिलगिरीचे पत्र द्यावे असे कमिटीने ठरवले. पहिला मसुदा कमिटीतील एका सदस्याने केला होता आणि त्यात 'झालेल्या त्रुटी' या शीर्षकाखाली तीन मुद्दे व 'केलेल्या उपाययोजना' या शीर्षकाखाली दोन मुद्दे होते. पहिला मुद्दा होता : '५०१ यांनी किल्ली दिली नाही.' मजकूर खोटा नव्हता. पण यादीत सुटा पडल्यावर तो आरोपपत्रातल्या कलमासारखा वाचला जात होता, आणि ते पत्र ५०१ च्या शेजाऱ्यांच्याच हाती जाणार होते. आम्ही ते चार वाक्यांच्या एका परिच्छेदात बदलले. त्यात पहिल्या वाक्यात त्यांना झालेला त्रास होता, दुसऱ्यात असे म्हटले होते की किल्ली का आवश्यक आहे हे आमच्या सूचनेत स्पष्ट नव्हते, त्यामुळे एक घर बंद राहिले आणि खालच्या घरांचे पाणी अडले. तिसऱ्यात दिलगिरी आणि चौथ्यात पुढच्या सूचनेत केलेला बदल. दोष कोणाचा आणि तो कशामुळे झाला, हे 'त्यामुळे' या एका शब्दाने योग्य जागी नेले. माणसाच्या मनाला लागेल अशी गोष्ट, नकार, दिलगिरी किंवा कोणाच्या वागण्याबद्दलची तक्रार मुद्द्यांत मांडू नये असे मला तेव्हापासून ठामपणे वाटते. तेथे वाक्यांमधील दुवे हेच सौजन्य असते.

बी विंगचे काम दोन्ही दिवशी सहाच्या आत झाले. सात घरांच्या किल्ल्या आदल्या रात्री कार्यालयात आल्या. फोन आले, पण ते मेलमध्ये नसलेल्या गोष्टींबद्दल होते. चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एका आजींनी विचारले, की सिंकखालचे पिंप त्यांना हलवणार नाही, तर ते कोण हलवील. सचिव स्वतः जाऊन ते हलवून आले आणि येऊन मला म्हणाले, की पहिल्या कामापुढे 'मदत हवी असल्यास आदल्या दिवशी कळवा' असे असायला हवे होते. ते बरोबर होते. पुढच्या वेळी ते पहिल्या क्रमांकातच, दुसरे वाक्य म्हणून जाईल. वेगळा मुद्दा म्हणून नाही, कारण मदत सामान हलवण्यासाठी आहे, गीझरसाठी नाही.

एप्रिलमध्ये टाक्या धुण्याचा मेल सचिवांनी पुन्हा फोनवरच लिहिला आणि माझ्याकडे पाठवला. सहा वाक्ये होती, त्यांत तीन वेळा 'कारण' आणि एकदा 'नाहीतर'. खाली त्यांनी विचारले होते, "ताई, यात ठिपके किती घालू?" मी तारीख आणि वेळ घातली, दोन वाक्यांची जागा बदलली, विषयाची ओळ लिहिली आणि एकही ठिपका न घालता तो परत पाठवला.